टिपांचं पान आधी वाचणारे

महाराष्ट्रात पाण्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ असतं: राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावर ऊस आहे आणि तो सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी पितो. भाषणात, अग्रलेखात, चर्चासत्रात, सगळीकडे हे वाक्य भेटतं. हल्ली ते कुठून आलं हे सांगायची गरजही कुणाला वाटत नाही. उसाच्या पाण्यावर एक पॉलिसी ब्रीफ लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्या पानावर पहिलं वाक्य हेच असणार, असं आमच्या सगळ्या गटाने गृहीत धरलं होतं. ते तिथे गेलं नाही. ते का गेलं नाही, हे सांगितलं की या कामाबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंचसं सांगून होईल.

आधी वाचक कोण ते सांगतो. आठ पानांचं मराठी टिपण. ते जाणार होतं आमदारांकडे, जिल्हा परिषदेच्या सदस्यांकडे, पाटबंधारे आणि कृषी खात्याच्या तालुका पातळीवरच्या अधिकाऱ्यांकडे, कारखान्यांच्या संचालकांकडे आणि जिल्ह्याच्या पत्रकारांकडे. यातलं कुणीही संशोधन-नियतकालिकं वाचत नाही; पण पाणी आणि ऊस या दोन्ही गोष्टी त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. अभ्यासक नसलेल्या वाचकासाठी लिहायचं म्हणजे सोपं करून सांगायचं, असा एक समज आहे. पाटाच्या पाळीसाठी रात्री शेतात उभा राहिलेल्या माणसाला सोपं करून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्याला हवं होतं ते एवढंच की आपण जे म्हणतोय ते कशाच्या आधारावर, हे त्याला तपासता यावं आणि तपासताना त्याचा दिवस जाऊ नये.

मूळ मसुदा एका संशोधक मैत्रिणीचा होता. काम पक्कं, पण जवळजवळ प्रत्येक वाक्याला टीप आणि एकेका टिपेत तीन-तीन संदर्भ. प्रबंधात ते योग्यच असतं. तिथे आपण आधीचं सगळं वाचलं आहे, हे परीक्षकाला दाखवायचं असतं. इथे तो परीक्षकच नव्हता. मी तो मसुदा एका आमदारांच्या पीएंना दाखवला. त्यांनी तो चाळला आणि म्हणाले, "सर, साहेब पहिली दोन पानं बघतील. मागचं मी बघतो. कारण सभागृहात कुणी विचारलं, तर उत्तर मलाच द्यावं लागतं."

त्या बोलण्यातून मला टिपांचा खरा वाचक सापडला. टिपांचं पान वाचणारे दोघेच असतात. एक, ज्याला आपला मुद्दा पुढे मांडायचा आहे आणि तो मांडताना तोंडघशी पडायचं नाही, असा माणूस. आणि दुसरा, ज्याला आपला मुद्दा खोडायचा आहे असा माणूस. हा दुसरा तर टिपांचं पान आधी उघडतो. बाकीचे सगळे ते पान न उघडताच पुढे जातात, आणि तसं जाता यावं म्हणूनच टिपा शेवटी ठेवायच्या असतात. मग प्रत्येक टिपेला मी एकच प्रश्न विचारू लागलो: या दोघांपैकी कुणाला हिचा उपयोग आहे? ज्या टिपेचा दोघांनाही उपयोग नाही, ती काढली. अर्ध्याहून अधिक टिपा अशा गेल्या.

आता त्या सत्तर टक्क्यांकडे येतो. हा आकडा मी मागे मागे नेत गेलो. वर्तमानपत्रातून एका संस्थेच्या अहवालात, तिथून दुसऱ्या लेखात, आणि शेवटी केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या उसाविषयीच्या दरधोरण अहवालापर्यंत. तिथे ते वाक्य आहे, म्हणजे आकडा हवेतला नाही. पण आयोगाचं काम उसाच्या दराची शिफारस करणं हे आहे, पाणी मोजणं हे नाही. आणि महाराष्ट्रात हे पाणी मोजलंच जात नाही. बहुसंख्य विहिरींवर मीटर नाही. पाटाचं पाणी कालव्याच्या मुखाशी मोजलं, तरी शेताच्या बांधापर्यंत नेमकं किती पोहोचलं याची नोंद नसते. त्यामुळे पाण्यातल्या उसाच्या वाट्याचा कुठलाही आकडा हा हिशेबाने काढलेला अंदाजच असतो: क्षेत्र गुणिले हेक्टरी पाणी, भागिले एकूण सिंचन.

हा हिशेब मी स्वतः कागदावर करून पाहिला. राज्यातलं उसाचं क्षेत्र वर्षागणिक बदलतं. गणितापुरतं दहा लाख हेक्टर धरलं. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना उसाच्या एका हंगामाची पाण्याची गरज १५०० ते २५०० मिलिमीटर सांगते. हेक्टरी १५०० मिलिमीटर म्हणजे १५,००० घनमीटर आणि २५०० मिलिमीटर म्हणजे २५,००० घनमीटर. दहा लाख हेक्टरला पहिल्या हिशेबाने सुमारे ५३० टीएमसी होतात, दुसऱ्या हिशेबाने सुमारे ८८३. म्हणजे दोन टोकांमधलं अंतरच साडेतीनशे टीएमसीचं. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आहे. एका समजुतीवरून दुसऱ्या समजुतीवर गेलं, की साडेचार जायकवाडींचा फरक पडतो. शिवाय ही गरज पिकाची आहे. तिच्यातला काही भाग पाऊस भागवतो, आणि तो किती हे पुन्हा तालुक्यावर आणि वर्षावर अवलंबून. हा सगळा डोलारा भागायचा त्या एकूण सिंचनाच्या पाण्याने, जे स्वतःच अंदाजावर उभं आहे.

यावरून सत्तर टक्के हा आकडा चुकीचा आहे असं म्हणता येत नाही. तो बरोबर असू शकतो. पण त्या आकड्यावर आमची शिफारस टेकवली असती, तर विरोधकाने आकडा हलवला की शिफारस हलली असती. मग मी शिफारशीकडे उलट दिशेने पाहिलं. आम्हाला काय म्हणायचं होतं? एवढंच, की कालव्याच्या पाण्यावरच्या उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने बंधनकारक करावं, आणि त्याआधी वितरिकेच्या पातळीवर पाणी मोजायला सुरुवात करावी. हे पटण्यासाठी उसाचा राज्यातला वाटा साठ टक्के आहे की सत्तर, हे ठरण्याची गरजच नव्हती. एक एकर ऊस किती पाणी मागतो, त्याच पाण्यात दुसरं काय पिकतं आणि कायदा काय म्हणतो, एवढं पुरेसं होतं. तो प्रसिद्ध आकडा आम्ही तिसऱ्या पानावरच्या चौकटीत टाकला, "कृषी मूल्य आयोगाच्या अंदाजानुसार" अशा शब्दांसह. टीप अशी लिहिली: "कृषी खर्च व मूल्य आयोगाचा उसाविषयीचा दरधोरण अहवाल. हा अंदाज आहे, मोजणी नाही. या टिपणातल्या शिफारशी या आकड्यावर अवलंबून नाहीत." शेवटच्या वाक्याला गटातल्या काहींचा आक्षेप होता. आपलंच पारडं आपण हलकं का करायचं, असं त्यांचं म्हणणं. नंतर एका बैठकीत कारखान्याचे एक संचालक नेमकी तीच टीप वाचून आले होते. "हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे आता त्यावर भांडता येणार नाही," असं म्हणून ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. आम्हालाही तिकडेच जायचं होतं.

वाचनीयतेचा प्रश्न मात्र याच्या अगदी उलट दिशेने आला. एक एकर उसाचं पाणी लोकांच्या डोळ्यांसमोर कसं उभं करायचं? घनमीटर कुणाला दिसत नाही. टँकर सगळ्यांना दिसतो. एकराला २००० मिलिमीटर गरज धरली आणि त्यातले ५०० पावसातून उपयोगी पडले असं मानलं, तर उरतात १५०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे साठ लाख लिटर. दहा हजार लिटरचे सहाशे टँकर. इथपर्यंत ठीक होतं. मग गटातल्या एका तरुण सहकाऱ्याला लातूरची पाण्याची गाडी आठवली. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं होतं. पुढे त्या गाडीला पन्नास वाघिणी लागल्या आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागलं. "म्हणजे एक एकर ऊस अडीच गाड्या पाणी पितो. सर, हेच शीर्षक!" असं तो म्हणाला. गणित बरोबर होतं, वाक्य लक्षात राहणारं होतं, आणि लातूरकर ते विसरला नसता.

आम्ही ते घेतलं नाही, आणि त्याचं कारण ज्वारी. ज्वारीला साधारण ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागतं. पाचशे धरले तर एकरी वीस लाख लिटर, म्हणजे जवळपास एक गाडी. ज्या ज्वारीला आपण कमी पाण्याचं पीक म्हणून पुढे करतो, तिच्यासाठीही गाडी भरावी लागते. शहराच्या पिण्याच्या पाण्याशेजारी कुठलंही पीक ठेवलं, तरी ते राक्षसीच दिसतं. जे वाक्य प्रत्येक पिकाबद्दल खरं आहे, ते उसाबद्दल काहीच सिद्ध करत नाही, फक्त राग आणतं. आणि तो राग येतो बरोबर त्या शेतकऱ्याला, ज्याने ठिबक घ्यावं असं आपण सुचवत असतो. त्याऐवजी आम्ही पिकाशेजारी पीकच ठेवलं: ज्वारीच्या एकराला एका हंगामात जेवढं पाणी लागतं, त्याच्या साधारण चौपट उसाच्या एकराला लागतं, पण ऊस वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ शेतात उभा असतो.

त्या वाक्यातला "पण"च्या पुढचा भाग टिपेत टाकावा, असं एकाने सुचवलं होतं. वाक्य छोटं झालं असतं. तेव्हा आमच्यात जी चर्चा झाली, तिच्यातून या कामाचा एक नियम हाती लागला, आणि पुढे मी तोच वापरत आलो. एखादी अट वाक्यातून काढल्यावर वाचणाऱ्याचा निर्णय बदलणार असेल, तर ती अट वाक्यातच राहिली पाहिजे, वाक्य कितीही लांबलं तरी. निर्णय तोच राहणार असेल, तर अट मागे टिपेत जाऊ शकते. उसाचा कालावधी लपवला असता, तर वाचणाऱ्याला चार महिन्यांच्या पिकाची चौपट दिसली असती आणि त्याचा निष्कर्ष वेगळा झाला असता. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने राहतो आणि सुरू बारा महिने, हा तपशील मात्र टिपेत गेला. निष्कर्ष त्याने हलत नव्हता. पण ज्याला तालुक्याचा हिशेब करायचा होता, त्याला तो लागणार होता.

या नियमाची खरी कसोटी लागली ती कायद्याच्या वाक्यावर. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ सालचा आहे. त्याच्या कलम १४मध्ये चौथं पोटकलम बारमाही पिकांविषयी आहे. लोकांच्या तोंडी ते असं येतं: ठिबक नसेल तर उसाला कालव्याचं पाणी देता येत नाही, असा कायदाच आहे. किती सुटसुटीत वाक्य! मूळ मसुद्यातही ते जवळजवळ असंच होतं, आणि टिपेत कलमाचा क्रमांक होता. टीप बरोबर, क्रमांक बरोबर, पण वाक्य कायद्यापेक्षा पुढे गेलेलं. पोटकलम म्हणतं की विहित करण्यात येईल अशा क्षेत्रात आणि अशा तारखेपासून, शेतकऱ्याने ठिबक, तुषार किंवा प्राधिकरणाने मान्य केलेलं पाणी वाचवणारं दुसरं तंत्र वापरल्याशिवाय बारमाही पिकांना कालव्यातून पाणी दिलं जाणार नाही. म्हणजे शासनाने क्षेत्र आणि तारीख ठरवली, की मग बंधन लागू होणार. आणि तेही कालव्यापुरतं. विहिरीवरचा आणि बोअरवरचा ऊस या वाक्याच्या बाहेरच राहतो.

"विहित करण्यात येईल अशा क्षेत्रात आणि अशा तारखेपासून" हे शब्द सरकारी वाटतात. वाचायला जड जातात म्हणून संपादक आधी तेच काढतो. पण आमची संपूर्ण मागणी त्या शब्दांत होती. कायद्याने बंदी आधीच असती, तर आमदारांकडे मागण्यासारखं काही उरलंच नसतं; फक्त अंमलबजावणी होत नाही अशी तक्रार उरली असती. कायद्यात दार आहे आणि ते उघडायचा अधिकार शासनाकडे आहे, हे समजलं तरच "क्षेत्र आणि तारीख जाहीर करा" ही मागणी नेमकी होते. म्हणून आम्ही ते असं लिहिलं: "कायद्यात तरतूद आहे. मात्र ती आपोआप लागू होत नाही. कोणत्या क्षेत्रात आणि कोणत्या तारखेपासून ती लागू होईल, हे शासनाने ठरवायचं आहे. ती फक्त कालव्याच्या पाण्यापुरती आहे." जड शब्द गेले, अट राहिली. एका लांब वाक्याची चार छोटी वाक्यं झाली. वाचनीयता अशी मिळते: अटी कमी करून नव्हे, तर एकेका अटीला स्वतःचं वाक्य देऊन.

टिपा कशा लिहायच्या हे शिकायला वेळ लागला, कारण त्याचा नमुना मराठीत सहज मिळत नाही. सगळ्यात कामाची गोष्ट निघाली शासन निर्णयाचा संकेतांक. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर टाकलेल्या शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक आकडा छापलेला असतो. तो वर्ष, महिना आणि दिवस यांनी सुरू होतो. संकेतस्थळाचा लांब पत्ता टिपेत दिला, तर कागदावर तो टाइप करता येत नाही, आणि वर्षभरात पत्ता बदलतोही. विभागाचं नाव, निर्णयाचा क्रमांक, तारीख आणि हा संकेतांक दिला, की तालुक्याच्या कार्यालयातला लिपिकही तो निर्णय काढून देतो. योजनेबद्दल किंवा अनुदानाबद्दल काही लिहायचं, तर बातमीऐवजी शासन निर्णयाचीच टीप द्यायची, हेही ठरवलं. मंत्रिमंडळाने निर्णय घेतला अशी बातमी आज येते. शासन निर्णय नंतर निघतो, आणि त्यातल्या अटी बातमीत नसतात. अधिकारी बांधील असतो तो शासन निर्णयाला.

आकडेवारीसाठी राज्याची आर्थिक पाहणी वापरली, तर वर्ष आणि तक्त्याचा क्रमांक हवाच. तिच्यातले ताज्या वर्षाचे पुष्कळ आकडे अस्थायी असतात आणि पुढच्या वर्षीच्या पाहणीत तेच आकडे थोडे बदललेले दिसतात. दोन माणसं दोन वर्षांच्या पाहण्या घेऊन बैठकीला आली, तर दोघंही खरं बोलत असतात आणि भांडण मात्र होतं. टिपेत "अस्थायी" हा एक शब्द असला, तर ते टळतं. पान क्रमांकाचाही असाच घोळ असतो. पीडीएफ उघडल्यावर वर दिसणारा आकडा आणि पानावर छापलेला आकडा वेगळे असतात, कारण सुरुवातीची पानं वेगळी मोजलेली असतात. म्हणून जिथे परिच्छेदाला किंवा तक्त्याला क्रमांक आहे, तिथे आम्ही पानाऐवजी तोच दिला. इंग्रजी अहवालाचं नाव इंग्रजीतच ठेवलं, कारण शोधताना तेच टाइप करायचं असतं. पण त्याच्यापुढे तो अहवाल कुणाचा आणि कशाबद्दलचा, हे मराठीत एका ओळीत दिलं. "तत्रैव", "उपरोक्त" असल्या शब्दांना फाटा दिला. मजकूर मागेपुढे झाला की ते भलत्याच टिपेकडे बोट दाखवतात, आणि तसंही या वाचकाला ते परके असतात.

छपाईतल्या बारीक गोष्टीही विश्वासाशी जोडलेल्या असतात. वर्डमध्ये Ctrl+Alt+D दाबलं की शेवटी जाणारी टीप तयार होते. पण तिचे क्रमांक मुळात i, ii, iii असे रोमन येतात. ते बदलून घ्यावे लागतात, नाहीतर viii आणि xiii यांच्यात वाचणारा अडखळतो. त्याहून धोक्याचं म्हणजे आकड्याला चिकटलेला टिपेचा क्रमांक. "२५,०००" या आकड्याच्या डोक्यावर बारीक "३" आला, की घाईत वाचणाऱ्याला आकडाच वेगळा दिसतो. देवनागरीत वेलांटी आणि मात्राही वरच असतात, त्यामुळे बारीक अंक त्यांच्यात हरवतो. म्हणून क्रमांक नेहमी वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामानंतर, आणि एका वाक्याला एकच. एका वाक्यात दोन टिपा लागत असतील, तर बहुधा त्या वाक्यात दोन दावे असतात, आणि ते तोडलेलं बरं.

शेवटी असलेल्या टिपांची एक मोठी अडचण मला आमच्या टिपणाचा प्रवास पाहून कळली. आठ पानं एकत्र फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचतात. कुणीतरी तिसऱ्या पानाचा फोटो काढतो आणि तो व्हॉट्सॲपवर फिरतो. त्या फोटोत टिपांचं पान नसतं. असतो फक्त एक बारीक अंक, जो कुठेच नेत नाही. म्हणून ज्या तीन-चार आकड्यांवर वाद होणार हे उघड होतं, त्यांचा स्रोत आम्ही मजकुरातच, वाक्यात नाव घेऊन दिला: "अन्न व कृषी संघटनेच्या मते", "कृषी मूल्य आयोगाच्या अंदाजानुसार". टिपेत उरलं ते नेमकं ठिकाण आणि हिशेबाची रीत. टिपण सुटं झालं, तरी पान स्वतःच्या पायावर उभं राहतं.

एका गोष्टीत मात्र विश्वासार्हतेला आम्ही जाणूनबुजून मर्यादा घातली. आम्ही शेतकऱ्यांशी बोललो होतो. त्यातल्या काहींनी ठिबकाबद्दल कारखान्याच्या वागण्यावर टीका केली होती. संशोधनाच्या शिस्तीने टिपेत गाव आणि दिवस यायला हवा. पण छोट्या गावात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो, आणि त्याच्या उसाची तोड कधी येणार हे कारखान्याच्या हातात असतं. तोड महिनाभर लांबली तर उसाचं वजन घटतं आणि नुकसान त्याचं होतं. म्हणून टिपेत फक्त जिल्हा आणि हंगाम दिला, आणि "ओळख कळू नये म्हणून गाव दिलेलं नाही" हे तिथेच लिहिलं. अशा मुलाखतींवर मात्र एकही शिफारस आधारली नाही. जे तपासता येत नाही ते उदाहरण म्हणून चालतं, पुरावा म्हणून चालत नाही.

हिशेबाच्या टिपांना मी सर्वात जास्त जागा दिली. साठ लाख लिटरचा आकडा आमचा स्वतःचा होता. तो कुठल्याच अहवालात सापडला नसता. त्याची टीप म्हणजे गणिताच्या पायऱ्या: गरज किती धरली, पाऊस किती वजा केला, एकराचं क्षेत्रफळ किती, आणि पाटाने पाणी देताना चारीत मुरणारं पाणी यात धरलेलं नाही हेही. ही टीप वाचून एका शाखा अभियंत्याने पाऊस पाचशेऐवजी त्याच्या तालुक्याचा घातला आणि आपला आकडा काढला. तो आमच्यापेक्षा कमी आला. पण त्याच्या बैठकीत चर्चा झाली ती त्याच्या आकड्यावर, आणि ठिबकाची गरज त्या आकड्यानेही तेवढीच दिसत होती. माझ्या मते टिपेने करायचं काम हेच. वाचणाऱ्याने आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून ती लिहायची नसते. त्याला आपल्याशिवाय हिशेब करता यावा म्हणून लिहायची असते.

असं टिपण लिहिणाऱ्यांना एक काम सांगतो, ते छपाईला देण्याआधी नक्की करा. विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला टिपांचं पान द्या आणि त्यातल्या कुठल्याही पाच टिपांचं मूळ शोधायला सांगा. सोबत बसू नका, मदत करू नका. जी टीप त्याला दहा मिनिटांत मूळ वाक्यापर्यंत नेत नाही, ती पुन्हा लिहा. आणि मूळ सापडल्यावर तो म्हणाला की "इथे तर थोडं वेगळं लिहिलंय", तर टीप तशीच ठेवा आणि मजकुरातलं आपलं वाक्य बदला.